तिसरीच्या मुलांसाठी रस्ता सुरक्षेचा पाठ : चिन्हं, मैदानावरचा झेब्रा आणि छोट्या नाटुकल्या – नियोजनासाठी मदत हवी

वर्षा_तिसरी
नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरीला शिकवते. पट २६. शाळेचं फाटक थेट डांबरी रस्त्यावर उघडतं. सध्या गळीत हंगाम चालू आहे, त्यामुळे दिवसभर उसाच्या ट्रॉल्यांची ये-जा. निम्मी मुलं पलीकडच्या वस्तीवरून चालत येतात.

जानेवारीत रस्ता सुरक्षेचा पाठ घ्यायचा आहे. ३५ मिनिटांच्या दोन तासिका आणि मैदान मिळालंय. गेल्या वर्षीही घेतला होता, पण तो जमला नाही. व्हरांड्यातल्या शहाबादी फरशीवर रांगोळीने झेब्राचे पट्टे काढले, पुठ्ठ्याची चिन्हं लावली, मुलांना गाड्या आणि पादचारी केलं. मुलांनी पट्टे बघितले आणि त्यांच्यावरून उड्या मारायला सुरुवात केली. दोघं रांगोळीवरून घसरली. "उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे" हे सगळ्यांना पाठ झालं, पण माना कवायतीसारख्या फिरायच्या, सेकंदाच्या आत तीनदा, आणि पाय त्याआधीच पुढे पडलेला. त्याच संध्याकाळी पाठात सगळ्यात छान उत्तरं देणारा मुलगा फाटकासमोर उभ्या टेम्पोच्या मागून पळत रस्त्यावर गेला. काही झालं नाही, पण मला रात्रभर झोप लागली नाही.

म्हणून यंदा नीट करायचंय. पट्टे कशाने काढू, चिन्हं किती दाखवू आणि नाटुकलीत नक्की काय करून घेऊ, हे सांगाल का?

खडू_फळा
मॅडम, रांगोळी फरशीवर नकोच. ती दाणेदार असते, चपलेखाली बारीक खड्यांसारखी सरकते. मैदान मिळालंय तर खेळाच्या मैदानाला मारतो ती फक्की वापरा, पण मुलं आजूबाजूला नसताना मारा आणि वाऱ्याच्या दिवशी मारू नका, डोळ्यात गेली तर फार झोंबते. कळीचा चुना तर अजिबात आणू नका. फरशीवरच घ्यायचं झालं तर खडू दहा मिनिटं पाण्यात बुडवून ठेवा आणि ओलाच ओढा. वाळल्यावर पांढराशुभ्र दिसतो, पायाला लागत नाही, घसरत नाही. दोन दिवस टिकतो.

दुसरं म्हणजे गाड्या झालेल्या मुलांना पळू देऊ नका. पळू दिलं की पाच मिनिटांत पकडापकडी सुरू होते. मी हातात सायकलचं जुनं टायर देतो आणि ते ढकलत चालायला सांगतो.

माणगंगा
ताई, झेब्रा पाहिजे असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन बांधकाम खात्याला अर्ज द्या. आमच्या गावात आम्ही दिला होता. सोबत शाळेचं पत्र आणि पालकांच्या सह्या जोडल्या. दीड वर्ष पाठपुरावा केला तेव्हा पट्टे आले, आणि एका पावसाळ्यात फिके पण झाले. गतिरोधकाची मागणी त्याच अर्जात करा, वेगळी करू नका.

वर्षा_तिसरी
माणगंगा दादा, धन्यवाद, तो अर्ज मुख्याध्यापक सरांकडे नक्की मांडते. इथे मी मैदानावर आखायच्या झेब्राबद्दल विचारत होते. पण तुमच्या उत्तराने एक गोष्ट खटकली. आमच्या रस्त्यावर झेब्रा नाहीच. मग मी मुलांना झेब्रावरून चालायला शिकवून उपयोग काय?

रस्त्याकडेला
वर्षाताई, तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. मी बावीस वर्षं रस्ता आखणीच्या कामात होतो आणि निवृत्तीनंतर शाळांमध्ये हे शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आखणी. बहुतेक शाळांमध्ये पट्टे आडवे-उभे चुकतात. पट्ट्याची लांब बाजू गाड्या जातात त्या दिशेला हवी, म्हणजे चालणाऱ्याला एकेक पट्टा पायऱ्यांसारखा ओलांडावा लागतो. खऱ्या रस्त्यावर पट्टा ५० सेंटीमीटर रुंद, मधली जागा तितकीच, आणि पट्ट्याची लांबी साधारण २ ते ४ मीटर असते. तुम्ही सुतळीने ६ मीटर रुंदीचा रस्ता आखा, त्यात २ मीटर लांबीचे सहा पट्टे बसतात. रस्ता लहान करू नका. व्हरांड्यातला अडीच मीटरचा रस्ता मुलं तीन ढांगांत पार करतात, आणि रस्ता ओलांडायला वेळ लागतो हे त्यांच्या अंगात उतरतच नाही. गाड्यांसाठी झेब्राच्या अलीकडे थांबरेषा जरूर ओढा.

पण झेब्रावर दहाच मिनिटं घालवा. उरलेला सगळा वेळ उभ्या वाहनाला द्या, कारण तुमच्या फाटकासमोर तेच आहे आणि तुमचा तो मुलगा तिथेच चुकला.

दोन बाक एकमेकांवर ठेवा, वरून चादर टाका. झाला टेम्पो. फक्त चादरीची उंची मुलांच्या डोक्यापेक्षा जास्त हवी, तिसरीच्या मुलाला साधारण दीड मीटर पुरते. हा टेम्पो रस्त्याच्या कडेला, रस्त्याच्या आत उभा करा. एक मूल टेम्पोच्या मागे पादचारी, दुसरं टायर घेऊन चालत येणारं मोटारसायकलवालं. दोघांना एकच काम द्या. समोरचा दिसला की मोठ्याने "दिसला!" म्हणायचं आणि तिथेच पुतळा व्हायचं. दोघंही कधी ओरडतात ते वर्गाला बघू द्या. पादचारी टेम्पोच्या बाहेरच्या कडेशी येईपर्यंत दोघांनाही काहीच दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा टायर दोन हातांवर असतं. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की मुलं स्वतःच म्हणतात, "सर, त्याला पण मी दिसत नव्हतो." लहान मुलाला वाटतं, मला गाडी दिसली म्हणजे गाडीवाल्यालाही मी दिसलो. तो समज इथे मोडतो.

मग टेम्पोच्या बाहेरच्या कडेला फक्कीने दुसरी रेघ ओढा. पहिलं थांबणं रस्त्याच्या कडेला, दुसरं थांबणं या रेघेवर. पुढे निघायच्या आधी टेम्पोत चालक बसलाय का, इंजिन चालू आहे का, हेही बघायचं. एसटी असेल तर सरळ ती जाऊ द्यायची, तिच्या पुढून नाही की मागून नाही.

निनाद७
छान माहिती. एक भर घालतो. उजवीकडे-डावीकडे-उजवीकडे हे शाळेत येताना बरोबर आहे, पण घरी जाताना मुलं पलीकडच्या बाजूला असतात, तेव्हा ते उलटं होतं, म्हणजे आधी डावीकडे बघायचं. हे मुलांना कोणी सांगत नाही.

रस्त्याकडेला
निनाद, उलटं होत नाही. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, म्हणून रस्त्याकडे तोंड करून कुठल्याही कडेला उभे राहा, तुमच्या जवळच्या पट्ट्यातली गाडी उजवीकडूनच येते. मैदानावर दोन्ही बाजूंना उभं राहून बघा. तुमच्या म्हणण्यात खरं आहे ते एवढंच की रस्त्याच्या मध्यावर पोचल्यावर धोका डावीकडून येतो, तेव्हा तिथे पुन्हा डावीकडे बघायला हवं. आणि उलट्या बाजूने येणारे मोटारसायकलवाले आहेतच, त्यामुळे डावीकडचं बघणं कधीच सोडायचं नाही.

निनाद७
हो, आत्ता गॅलरीत उभं राहून पाहिलं. माझं चुकत होतं. पण मग मुलांना डावं-उजवं कळत नाही त्याचं काय? माझी मुलगी दुसरीत आहे, अजून गोंधळते.

खडू_फळा
आम्ही उजव्या मनगटाला लाल लोकर बांधतो. आणि शिक्षकाने मुलांकडे तोंड करून करून दाखवलं की ती आरशासारखी उलटी नक्कल करतात. पाठ करून उभं राहायचं, मग सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळतात.

सुनीता_आजी
माझा नातू पहिलीत आहे, पुण्यात. त्याला त्याचा बाबा स्कूटरवर पुढे उभा करून सोडतो, हेल्मेट फक्त बाबाला. मी रोज सांगते, कोण ऐकत नाही. तुमच्या पाठात हे पण घ्या ना बाई.

रस्त्याकडेला
आजी, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट कायद्यानेच लागतं, आणि नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी हेल्मेट आणि चालकाला बांधायचा पट्टा असा नियम २०२२ मध्ये निघाला, त्यात अशा गाडीचा वेग ४० किलोमीटरच्या वर जाऊ नये असंही आहे. तुमच्या मुलाला हा नियमच दाखवा. पण तो पाठ पालकांचा आहे. वर्षाताईंच्या मुलांपैकी निम्मी चालत येतात, त्यांच्या दोन तासिका चालण्यालाच द्याव्यात असं मला वाटतं.

वर्षा_तिसरी
सर, "दिसला" मला फार आवडलं. आता दोन अडचणी. एक, माना फिरतात पण डोळे बघत नाहीत, ते कसं ओळखू? दोन, चिन्हं किती?

रस्त्याकडेला
पहिल्या अडचणीला कार्डं. दोन मुलं रस्त्याच्या दोन्ही टोकांना, पंधरा-वीस पावलांवर उभी करा. त्यांच्याकडे लाल आणि पिवळी कार्डं. प्रत्येक पादचाऱ्याच्या वेळी ती मनाला येईल तसं कार्ड वर धरतील किंवा काहीच धरणार नाहीत. पादचाऱ्याने पाऊल टाकायच्या आधी मोठ्याने सांगायचं, "उजवीकडे लाल, डावीकडे मोकळं." कार्ड म्हणजे गाडी, मोकळं असेल तरच निघायचं. नुसती मान फिरवणारा लगेच उघडा पडतो, कारण त्याला रंग सांगता येत नाही. पहिल्या फेरीत अर्धी मुलं अडखळतील, त्यांना रागावू नका, पुन्हा रांगेत पाठवा. नंतर खऱ्या रस्त्याच्या कडेला, तुमच्या हाताला धरून, हेच विचारायचं: "उजवीकडून काय येतंय?" तिथे उत्तर "ट्रॅक्टर" किंवा "काही नाही" असं आलं पाहिजे.

चिन्हं पाचच घ्या, तीसुद्धा मुलांच्या वाटेवर दिसतात तीच. शाळेचा त्रिकोण, पादचाऱ्याचा त्रिकोण, गतिरोधकाचा त्रिकोण, थांबा आणि वेगमर्यादेचा गोल.

पिंपळपान
मुलांना सोपं सूत्र द्या, त्रिकोण म्हणजे सावध आणि गोल म्हणजे मनाई. दोन वाक्यांत काम होतं.

रस्त्याकडेला
त्रिकोणाचं चालेल, लाल कडेचा आणि टोक वर असलेला. गोलाचं अर्धंच खरं आहे. लाल कडेचा गोल मनाई किंवा मर्यादा सांगतो, पण निळा गोल "हेच करा" असं सांगतो. थांबा तर अष्टकोनी आहे, आणि टोक खाली असलेला त्रिकोण दुसऱ्याला वाट द्यायला सांगतो. तिसरीला रंग आणि आकार एकत्र शिकवले तरच टिकतं.

पण खरी गफलत वेगळीच होते. ताई, मुलांना शाळेचा त्रिकोण दाखवून विचारा, "हा बोर्ड जिथे आहे तिथे काय करायचं?" बरीच मुलं सांगतील, "तिथून रस्ता ओलांडायचा." तो बोर्ड गाडीवाल्यासाठी आहे आणि शाळेच्या बराच आधी लावतात, म्हणजे त्या जागी गाडी अजून वेगातच असते. म्हणून चिन्हं फळ्यावर लावू नका. मैदानावरच्या रस्त्याला योग्य ठिकाणी उभी करा आणि प्रत्येक चिन्हापाशी एकच प्रश्न विचारा: हे कोणाला सांगतंय, गाडीला की मला?

माणगंगा
आमच्या पोराला मी हात दाखवून जायला शिकवलंय. हात दाखवला की गाडीवाला थांबतो. ते पण शिकवा.

खडू_फळा
मला हे धोक्याचं वाटतं. हात दाखवला म्हणजे थांबलाच, असं मूल समजतं. भरलेला उसाचा ट्रॅक्टर हात बघून थांबत नाही, त्याला तेवढ्यात थांबता येतच नाही.

रस्त्याकडेला
यावर माझंही मत पक्कं नाही. हाताने मूल लांबून दिसतं हा फायदा आहे. मी शिकवतो तेव्हा "हात वर, पण पाय कडेलाच, चाकं थांबलेली दिसेपर्यंत" असं सांगतो. ते दुसरं वाक्य घाईत गळून पडतं हेही मी पाहिलंय.

वर्षा_तिसरी
काल पहिली तासिका झाली. वृत्तांत देते.

मैदानावर सुतळी आणि फक्कीने ६ मीटरचा रस्ता. झेब्रा दहा मिनिटं. सगळ्यांना चालत पार करायला लावलं आणि बाकीच्यांनी मोठ्याने सेकंद मोजले. बहुतेकांना सहा-सात लागले. मग कार्डं. पहिल्या फेरीत २६ पैकी ११ जणांना रंग सांगता आला नाही, तिसऱ्या फेरीत तिघांना. त्या तिघांपैकी एका मुलीला लांबचं कार्ड खरंच दिसत नव्हतं असं लक्षात आलं, तिच्या घरी निरोप दिलाय, डोळे तपासायला सांगितलंय.

"दिसला" मध्ये मुलं अगदी गंभीर झाली. एकाने विचारलं, "मॅडम, टेम्पोवाल्याला दिसत असेल ना मी?" मग त्यालाच टेम्पोच्या पुढच्या बाकावर बसवलं आणि मागे मुलगी उभी केली. त्याला मान वळवूनही ती दिसली नाही.

मग एका मुलाने आपणहून आमच्या गावची गोष्ट काढली. तो म्हणाला, ट्रॅक्टर गेला की आम्ही पळतो, पण मागे ट्रॉली असते, आणि कधी कधी ट्रॉलीच्या मागे अजून एक. मी लगेच तीन मुलांना दोरीने जोडलं. पुढचा ट्रॅक्टर, मागचे दोघं ट्रॉल्या, मधे दोरी ताणलेली. पादचारी मुलगा ट्रॅक्टर गेल्यागेल्या निघाला आणि सरळ दोरीवर आपटला. त्यानंतर मुलांनी स्वतःच ठरवलं की "शेपूट" गेल्याशिवाय निघायचं नाही. हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नसतं.

दुसऱ्या तासिकेत काय घेऊ? पलीकडून आई हाक मारते आणि मूल धावतं, ही नाटुकली घ्यायचा विचार आहे.

सुनीता_आजी
हाक मारायचं अगदी खरं आहे गं. आम्ही मोठेच पलीकडून "ये लवकर" म्हणतो.

रस्त्याकडेला
ती नक्की घ्या, आणि शक्य असेल तर एखाद्या खऱ्या आईला बोलावून आईची भूमिका द्या. नाटुकलीत आईने हाक मारायची नाही, रस्ता ओलांडून मुलापाशी यायचं, हा शेवट मुलांच्या तोंडून काढा. त्या आईलाही तो पाठ होतो.

आणि एक पायरी राहतेच, मैदान ते खरा रस्ता. मैदानावर शिकलेलं आपोआप रस्त्यावर जात नाही. १९९०च्या दशकात ग्लासगोच्या ड्रमचॅपल भागात लहान मुलांना पालक स्वयंसेवकांनी खऱ्या रस्त्याच्या कडेला, दोन-तीन मुलांच्या गटात शिकवलं, आणि मुलांची जागा निवडण्याची समज सुधारली. तुम्ही शाळेच्या कुंपणाच्या आत, खऱ्या रस्त्याला समांतर, तेवढ्याच रुंदीचा फक्कीचा रस्ता आखा. मूल खऱ्या रस्त्यावरच्या गाड्या बघेल आणि त्या आपल्या फक्कीच्या रस्त्यावरच आहेत असं समजून ओलांडेल. वेळ चुकली तर कळेल, पण कोणाला इजा होणार नाही. एका मोठ्यामागे तीनच मुलं.

वर्षा_तिसरी
कुंपणाच्या आत जागा आहे. पण गाडी किती लांब असली म्हणजे निघायचं, हे त्यांना कसं सांगू?

रस्त्याकडेला
वेग ओळखायला सांगू नका, या वयात ते जमत नाही, मोठ्यांनाही चुकतं. ठरलेली खूण द्या. तुमचा खरा रस्ता ७ मीटर धरला तर मुलाला सात सेकंद लागतील. ४० च्या वेगाची मोटारसायकल सेकंदाला ११ मीटर जाते, म्हणजे सात सेकंदांत ७७ मीटर. ६० ने येत असेल तर जवळजवळ १२० मीटर. म्हणून फाटकापासून दोन्ही बाजूंना १२० मीटर मोजा, तिथलं झाड, खांब किंवा दुकान खूण म्हणून ठरवा. खुणेच्या अलीकडे चाक असेल तर पाय कडेला. आधी एकदा तुम्ही स्वतः उभं राहून खूण नीट दिसते का बघा. वळण असेल आणि खूणच दिसत नसेल तर ती ओलांडायची जागाच नाही.

निनाद७
हंगामात खुणेपर्यंत रस्ता मोकळा कधी मिळणार? मुलं कडेलाच उभी राहतील आणि कंटाळून पळतील.

रस्त्याकडेला
हो, हे खरं आहे. अशा वेळी मोठं माणूस लागतंच, याला पर्याय नाही. या वयाच्या मुलाने असा रस्ता एकट्याने ओलांडावा का, यावर शिकवणाऱ्यांमध्येही एकमत नाही. मी नाही म्हणतो.

वर्षा_तिसरी
पण माझी मुलं एकटीच येतात सर. त्यांचे आईबाप पहाटेच ऊसतोडीला जातात.

खडू_फळा
वर्षा मॅडम, सातवी-आठवीची मुलं त्या वस्तीवरून येतात का? आमच्याकडे मोठ्या मुलांच्या मागे लहान मुलांचा दोरीचा गट करतो, सकाळी साडेदहाला वस्तीच्या पिंपळाखाली जमायचं आणि एकदमच ओलांडायचं. दोन शिक्षक आळीपाळीने फाटकावर. सगळ्या दिवशी जमत नाही, पण हंगामाचे तीन महिने आम्ही नेटाने करतो.

वर्षा_तिसरी
शाळा चौथीपर्यंतच आहे. पण वस्तीवरच्या तीन मुली हायस्कूलला साडेदहालाच निघतात. उद्या त्यांच्या घरी जाऊन विचारते. खूण मात्र आजच मोजून आले. डावीकडे १२० मीटरवर पिठाची गिरणी येते, छान दिसते. उजवीकडे ९० मीटरवरच वळण आहे. म्हणजे आमचं फाटकच चुकीच्या जागी आहे. दक्षिणेच्या कोपऱ्यात कुंपणाला एक छोटं बंद दार आहे, तिथून दोन्ही बाजू दिसतात का ते सोमवारी बघते आणि कळवते.

माणगंगा
ताई, ते दार उघडायचं ठरलं तर अर्जात आधीच लिहा, झेब्रा त्या दारासमोर मागा. नंतर जागा बदलून मिळत नाही.